सहा वर्षं आणि दहा महिने

त्या मालकाचं नाव मी अजून तोंडात घेत नाही. त्याच्या नातवाच्या लग्नाची पत्रिका आली होती, तीही मी उघडली नाही. लोक म्हणतात, एवढी वर्षं झाली, आता तुझे स्वतःचे आठ माग आहेत, सोड की. मी सोडत नाही. दहा महिन्यांचा हिशोब आहे तो.

मी मूळचा मंगळवेढ्याकडचा. वडील जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायची रीत होती, आणि रुमालाखाली वडिलांना कुणी हरवू शकायचं नाही. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली : समोरचा काय बोलतो ते ऐकून घ्यायचं नाही, आकडा ऐकायचा आणि निम्मा सांगायचा. समोरचा चिडला की आपण त्याच्याहून जास्त चिडायचं आणि उठून चालायला लागायचं. हाक येतेच. या रीतीवर मी सोलापुरात आलो, खोली निम्म्या अनामतीत मिळवली, सायकल निम्म्या किमतीत घेतली. जन्मभर मी त्या रीतीवरच जगलो, आणि एकदाच तिच्यामुळे बुडालो.

सत्तर साली मी पूर्व भागात एका तेलुगू मालकाच्या शेडमध्ये चादरी विणायचो. त्याचे चार माग होते. आमच्या दोन मागांवर मी आणि दुसऱ्या दोनांवर त्याचा लांबचा कुणी पाहुणा. मालक तसा बरा होता. शेडमध्ये आवाज एवढा की दिवसभर खुणांनीच बोलायचं. त्यामुळे भांडणं व्हायची ती फक्त वीज गेल्यावर.

दसऱ्याला मागांची पूजा होते. त्या दिवशी माग बंद, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. पूजा झाल्यावर मालक पायरीवर बसला आणि म्हणाला, "मला साठ होतील सहा वर्षांनी. पोरगा शाळेत मास्तर झाला, तो काय इकडं बघणार नाही. दोन माग काढून टाकीन तेव्हा."

मी म्हटलं, "मला द्या की मग."

तो हसला. "आठ हजार आणशील?"

"चार."

"उठ इथनं."

मी उठलो. पायात चप्पल सुद्धा घातली. हाक आली. तासाभरात सहा हजारांवर सौदा ठरला. आजचा भाव, पैसे सहाव्या दसऱ्याला. एकावन्न रुपये मी इसार दिला आणि मालकानं दोन माणसांसमोर कबुलीची सुपारी माझ्या हातात ठेवली. "सहावा दसरा. एक दिवस इकडं नाही, एक दिवस तिकडं नाही," तो म्हणाला.

सहा वर्षांत सहा हजार कसे उभे राहणार हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पगारातून मी महिन्याला फार तर तीस रुपये काढू शकत होतो. साधा भागाकार केला तर दोनशे महिने, म्हणजे सोळा वर्षं आठ महिने. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी विणकरांची पतपेढी होती, आणि तिथं दर महिन्याला ठरावीक हप्ता भरला तर शेकडा सहा व्याज मिळतं असं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं गेलो.

कारकून चाळिशीचा, जाड चष्म्याचा, कोटाच्या खिशात दोन पेनं. मी सांगितलं, सहा हजार पाहिजेत, तीस भरतो, किती दिवस लागतील. त्यानं एक वही काढली. आतल्या पुठ्ठ्यावर एक कागद चिकटवलेला होता, त्यावर बारीक अक्षरात आकड्यांचा रकाना.

"दरमहा एकच रुपया भरला तर किती वर्षांनी किती होतात, ते यात आहे," तो म्हणाला. "वर्ष भरलं की व्याज मुद्दलात मिळतं, आणि पुढच्या वर्षी त्यावरही व्याज. तुम्हाला हवेत सहा हजार, हप्ता तीस. म्हणजे एका रुपयामागे दोनशे व्हायला पाहिजेत. आता दोनशे कुठं येतात ते बघायचं." त्यानं बोट खाली खाली नेलं. "अकराव्या वर्षाला एकशे साडेपंच्याऐंशी. बाराव्याला दोनशे नऊ. दोनशे मध्ये आले. अकरा वर्षं आठ महिने."

व्याजानं पाच वर्षं वाचवली होती. पण मला आकडा ऐकायची सवय होती.

"सहा करा," मी म्हटलं.

"काय?"

"अकरा-आठ म्हणताय, सहावर या. निम्म्याच्या वर दोन महिने दिले की तुमाला."

त्यानं चष्मा काढला आणि हसायला लागला. शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारून म्हणाला, "अहो, हे बघा, वर्षांची घासाघीस करतायत!" दोघं हसले. रांगेतला एक म्हातारा पण हसला.

माझं डोकं तापलं. "हसायला काय झालं? वर्षं कमी व्हायची तर कशानं व्हतील ते सांगा."

"तीन गोष्टी आहेत," तो चष्मा पुसत म्हणाला. "सहा हजारांचे कमी करा, नाहीतर हप्ता वाढवा, नाहीतर व्याजाचा दर. दर आमच्या हातात नाही."

"हप्ता दुप्पट केला तर? साठ?"

"साठ केला तर वर्षं कमी होतील. पण—"

"मग निम्मी. पाच वर्षं दहा महिने," मी म्हटलं. "दोन महिने हातात. काढा खातं."

"अहो, ऐका तरी, तसं—"

"खातं काढा म्हटलं ना! का हसायचाच पगार मिळतो?"

त्यानं ओठ आवळले आणि फॉर्म पुढं केला. मुदत सहा वर्षं, हप्ता साठ. मी अंगठ्याजवळ शाई लागेपर्यंत सही केली आणि बाहेर पडलो. मागं बघितलं नाही. मला वाटलं, हा बाजार मी जिंकलो.

साठातले तीस माझे. उरलेले तीस बायकोचे.

ती बिड्या वळायची. आमच्या गल्लीत प्रत्येक उंबऱ्यावर एक बाई, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेली पानं. पत्र्याच्या साच्यावर पान कातरायचं, चिमूट तंबाखू, गुंडाळायचं, दोरा. दिवसाला सातशे तिच्या व्हायच्या, त्यावर मीठमिरची आणि भाडं चालायचं. हजाराला तीन रुपये मिळायचे. महिन्याला तीस रुपये जास्त पाहिजेत म्हणजे दहा हजार बिड्या जास्त, म्हणजे कामाच्या पंचवीस दिवसांत रोज चारशे.

मी तिला सांगितलं तेव्हा ती कात्री चालवतच होती.

"चारशे," ती म्हणाली. "किती दिस?"

"पाच वर्सं दा महिनं."

"कुणी सांगितलं?"

"पेढीत."

"पेढीतल्यानं पाच-दा सांगितलं, का तुमी सांगितलं आन त्यो गप बसला?"

"तुला काय करायचं? हिशोब माझा हाय."

"बिड्या माज्या हायत," ती म्हणाली. "एकडाव परत जाऊन इचारा की. त्यात काय पैसं पडत्यात का?"

मी ताट ढकललं. भाकरी तशीच सोडून बाहेर गेलो. पेढीतल्या त्या हसणाऱ्यासमोर परत जाऊन उभं राहणं मला जमणार नव्हतं. नंतर तिनं तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून गिरणीच्या पहाटेच्या भोंग्याआधी उंबऱ्यावर कात्रीचा आवाज सुरू झाला.

सहा वर्षं म्हणजे काय, हे सांगणं अवघड आहे, कारण रोज एकच गोष्ट घडत होती. मी विणायचो, ती वळायची. एक तारखेला मी साठ रुपये पेढीत भरायचो. कारखान्यात बिड्या तपासणारा मुकादम तिच्या बिड्या छाटायचा. ढिल्या, आखूड, पान फाटकं, म्हणून शंभराला पाच-सहा बाजूला टाकायचा, त्याचे पैसे नाहीत. म्हणून ती रोज चारशेऐवजी सव्वाचारशे वळायची. मी एकदा त्या मुकादमाशी भांडायला गेलो, तर पुढचा आठवडाभर त्यानं शंभराला दहा छाटल्या. तिनं मला परत जाऊ दिलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात गावाकडची माणसं येऊन राहिली, एका खोलीत नऊ जणं. तेव्हाही हप्ता चुकला नाही. कपडे नाहीत, सिनेमा नाही, जत्रा नाही. दसऱ्याला मी मालकाच्या दोन मागांना माळ घालायचो आणि मनात एक वर्ष खोडायचो. तिला खोकला कधी सुरू झाला ते मला आठवत नाही. गल्लीतल्या सगळ्याच बायका खोकायच्या, त्यामुळे ऐकू यायचा नाही.

पाचवं वर्ष भरलं आणि पासबुकात व्याज चढलं. चार हजार एकशे नव्वद रुपये. मी तिथंच खिडकीसमोर मनात मांडलं. माझ्या हिशोबानं आता दहाच महिने राहिले होते. दहा महिन्यांचे सहाशे. व्याज अडीचशेच्या आसपास. पाच हजार चाळीस. मी परत मांडलं. परत तेच.

मी खिडकीवर हात आपटला. "व्याज कुणी खाल्लं?"

तोच कारकून होता. केस पांढरे झाले होते. तो उठला, मला आत बोलावलं, खुर्ची दिली. आजूबाजूचे बघत होते, यावेळी कुणी हसलं नाही. त्यानं तीच वही काढली. कागदाचे कोपरे पिवळे पडले होते.

"सहा हजार, हप्ता साठ. एका रुपयामागे शंभर," तो हळू म्हणाला. "सहाव्या वर्षाला शहाऐंशी रुपये बेचाळीस पैसे. सातव्याला एकशे चार. शंभर मध्ये. सहा वर्षं दहा महिने."

"हप्ता दुप्पट केला ना मी! मग निम्मं का न्हाय?"

"रकाना बघा. पहिल्या सहा वर्षांत एका रुपयाचे शहाऐंशी होतात. पुढच्या सहा वर्षांत त्यात एकशे बावीस पडतात. हप्ता तोच, पण आधी साचलेल्यावरचं व्याज मोठं होत जातं. व्याज पिकतं ते शेवटच्या वर्षांत. तुम्ही हप्ता वाढवलात, पण तीच शेवटची वर्षं तोडलीत. दोनशेचं निम्मं शंभर होतं. वर्षांचं निम्मं होत नाही."

मी पासबुक मिटलं.

"तेव्हा हेच सांगत होतो," तो म्हणाला. "तुम्ही ऐकलं नाहीत. मी पण हसायला नको होतं. तुम्हाला थांबवायला पाहिजे होतं मी."

त्यानं हे म्हटलं म्हणून मला त्याचा जास्त राग आला. अजून आहे. हसला नसता तर मी ऐकलं असतं, असं मी स्वतःला अजून सांगतो.

घरी येऊन तिला सांगितलं. सहाव्या दसऱ्याला आठशे पंधरा रुपये कमी पडणार होते. वर्ष हातात होतं. पेढीतला हप्ता मुदतीत वाढवता येत नव्हता, म्हणून वरचे पैसे घरात डब्यात ठेवायचे ठरले. ती एक शब्द वाकडा बोलली नाही, हेच वाईट. सुपात आणखी तंबाखू ओतली. रोजच्या अकराशेच्या पंधराशे झाल्या. मी सुटीच्या दिवशी बाजारात हमाली केली. तीन महिन्यांत डब्यात दोनशे दहा रुपये जमले.

चौथ्या महिन्यात एका सकाळी ती पान कातरताना वाकली आणि वाकलेलीच राहिली. श्वास आत जाईना. हातगाडीवर घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरनं छाती तपासली, बोटं बघितली, कपड्यांचा वास घेतला.

"बिड्या?"

"व्हय."

"किती?"

मी आकडा सांगितला. त्यानं पेन खाली ठेवलं. "तंबाखूची धूळ आहे छातीत. आता हे बंद. कमी नाही, बंद. जगायचं असेल तर."

मी त्याच्याशी पण निम्म्यावर यायचा प्रयत्न केला. "पाचशे तरी, डॉक्टर." त्यानं कागद हातात दिला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. ती त्यानंतर चौदा वर्षं जगली, पण एक घागर उचलून आणली नाही तिनं परत. डब्यातले दोनशे दहा दीड महिन्यात औषधांना गेले. पेढीतले तिचे तीस रुपये त्या वर्षी मी हमाली करून भरले.

सहाव्या दसऱ्याच्या आठ दिवस आधी मी मालकाकडे गेलो. वीज नव्हती, शेड शांत होतं.

"पाच हजार एकशे पंच्याऐंशी हायत," मी म्हटलं. "राहिलेलं आठशे पंधरा दहा महिन्यात देतो. कागद करून घ्या. माग माझ्याकडं द्या."

मालक मागाच्या धोट्यावर बोट फिरवत होता. "भाव कुठं गेलाय ठाऊक हाय तुला? माझ्या भाच्यानं साडेआठ हजार सांगितलेत. रोख. मी त्याला म्हटलं, सुपारी दिलीय, दसऱ्यापर्यंत थांब. थांबलाय तो. मी पण थांबलो सहा वर्षं सहा हजारांवर. आता तूच कमी घेऊन आलास."

"दहा महिनं, मालक. सहा वर्सं इमानं काम केलं मी तुमच्या मागावर."

"पगार दिला की त्याचा."

"बायकू पडलीय माझी याच्यापायी."

"मी सांगितलं होतं का तिला बिड्या वळायला?" तो म्हणाला, आणि लगेच मान खाली घातली. "एक दिवस इकडं नाही, तिकडं नाही. तूच कबूल केलंस."

मी चप्पल घातली आणि उठलो. दारापर्यंत सावकाश गेलो. रस्त्यावर आल्यावरही सावकाश गेलो. हाक आली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाच्यानं बैलगाडी आणली. आमचे दोन माग सुटे करून, दोरांनी बांधून गाडीवर चढवले. आदल्या दिवशी मी घातलेल्या झेंडूच्या माळा कुणी काढल्या नव्हत्या. इसाराचे एकावन्न रुपये मालकानं पाकिटात घालून पाठवले. मी ते घेतले. तेव्हा न घेण्यासारखी परिस्थिती नव्हती.

त्याच आठवड्यात पेढीत मुदत संपली. पाच हजार एकशे पंच्याऐंशी रुपये शेहेचाळीस पैसे. मी कारकुनासमोर बसलो. बाजारात तसल्याच जुन्या मागांच्या जोडीचा भाव नऊ हजार झाला होता. मी विचारलं, किती वर्षं.

"किती भरणार?"

"माझे तीसच. तिचे आता न्हाईत."

त्यानं कागदावर मांडायला घेतलं. मी मध्ये बोललो नाही. त्यानं तिन्ही हिशोब मांडले : काही न भरता रक्कम नुसती ठेवली तर साडेनऊ वर्षं. साठ भरले तर तीन वर्षं पाच महिने. तीस भरले तर पाच वर्षं, तेव्हा नऊ हजार चौतीस होतील. प्रत्येक वर्षाची रक्कम त्यानं एकाखाली एक लिहिली, मी प्रत्येक ओळ वाचली.

"हे आजच्या भावानं," तो म्हणाला. "पाच वर्षांनी माग नऊ हजारांनाच मिळतील, असं मी सांगू शकत नाही. हे पण ऐकून घ्या."

"ऐकलं," मी म्हटलं.

घरी आलो. ती उंबऱ्यावर बसली होती, भिंतीला टेकून. सूप आत कोनाड्यात उभं करून ठेवलं होतं. शेजारच्या उंबऱ्यावर कात्री चालू होती. मी कागद तिच्यासमोर धरला आणि बोटानं ओळी दाखवल्या. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती सगळ्या ओळींवरून नजर फिरवत खाली आली.

"साठाचं तीन वर्सं पाच महिनं म्हंता," ती म्हणाली.

"ते न्हाई करायचं. पाच. माझ्या तिसात."

"सगळं ऐकून आलाय न्हवं? त्यो बोलून थांबल्यावर उठला?"

"व्हय."

"मग पाच तर पाच," ती म्हणाली. "आता निम्मी करायला जाऊ नगा."

मी तिच्या शेजारी बसलो. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, जिथं सूप असायचं तिथं. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर हळूहळू फिरत होते, न थांबता, मध्ये काही नसताना. मी तो हात धरला. माझ्या हातात सुद्धा ते फिरत राहिले.